पहाटे पाचचं फुलपात्र

प्रश्न: खानापूरला राहतो. आमचं दीड वर्षाचं मांजर माझ्याकडे बघत बघत टेबलावरच्या वस्तू खाली ढकलतं. ओरडलं तरी ऐकत नाही. मुद्दाम करतं का? काय करू?

"माझ्याकडे बघत बघत" असं तुम्ही लिहिलंय, तिथंच मला आमची मनी दिसली. शहापुरातल्या आमच्या जुन्या घरात ती पहाटे पाचला कट्ट्यावरचं स्टीलचं फुलपात्र फरशीवर पाडायची. मी उठून ओरडायचे, आणि उठलेच आहे तर म्हणून तिच्या वाटीत खाणं टाकायचे. म्हणजे फुलपात्र पाडलं की माणूस उठतं आणि जेवण मिळतं, हे तिला मीच शिकवलं होतं. खोड काढायची म्हणून नव्हे, उपयोग होतो म्हणून ती पाडत होती. ओरडणंसुद्धा तिच्या लेखी आपण दिलेलं लक्षच.

पण प्रत्येक मांजराचं हेच कारण नसतं. मांजराला नाकासमोरचं अगदी जवळचं नीट दिसत नाही, म्हणून ते पंजानं चाचपतं. त्यात वस्तू हलली, घरंगळली की शिकारीची खुमखुमी जागी होते. तुमचं कोणतं हे ओळखायला मोबाइल रेकॉर्डिंगला लावून तासभर बाहेर जा. घरात कुणी नसतानाही पाडत असेल तर तो खेळ आहे, त्याला खेळायला कमी पडतंय. तुम्ही असतानाच पाडत असेल तर ते तुम्हाला बोलावतंय.

मी दोन गोष्टी केल्या. रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काठीला दोरी आणि पीस बांधून तिला पळवायचे, शेवटी पीस पकडू द्यायचे आणि लगेच जेवण. शिकार, मग खाणं, मग झोप, हा त्यांचा मूळचा क्रम आहे. (दोरी नंतर कपाटात ठेवायची. गिळली तर आतड्यात अडकते.) दुसरं म्हणजे रात्री कट्टा रिकामा ठेवून फक्त एक प्लास्टिकचा पेला ठेवला आणि तो पडला तरी उठायचं नाही असं ठरवलं. सकाळचं खाणंही मी उठल्यावर अर्ध्या तासानं.

पहिले चार-पाच दिवस ती जास्तच पाडायला लागली. नेहमीचा उपाय चालेना म्हणून ती जोर वाढवत होती. बहुतेक लोक इथंच हार मानतात. आमच्याकडेही सहाव्या दिवशी सासूबाईंनी "बिचारी उपाशी आहे गं" म्हणून उठून तिला खायला घातलं, आणि पुढचा आठवडा पुन्हा पहिल्यापासून. कधीतरी मिळतं हे कळलं की मांजर जास्तच चिकाटीनं प्रयत्न करतं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. आमचं तीन आठवड्यांत थांबलं.

पाणी मारू नका, चापटही नको. त्यानं ते तुम्हाला घाबरतं आणि तुमची पाठ फिरली की पाडतं. काचेच्या वस्तू आणि पेटती समई मात्र आजच त्याच्या आवाक्याबाहेर ठेवा.