ओळखीचे घोळके फोडताना

मेळाव्यात अनोळखी माणसांनी एकमेकांशी बोलावे म्हणून खेळ शोधण्याआधी बैठकव्यवस्था ठरवा, कारण नुसते "मिसळा" म्हटले की माणसे हमखास ओळखीच्यांकडेच वळतात. २५ जण असतील तर पाच टेबले मांडा आणि दारातच प्रत्येकाला अ, ब, क, ड, इ यांपैकी एक अक्षर आणि १ ते ५ यांपैकी एक अंक असलेली, म्हणजे अ१ ते इ५ यांपैकी एक चिठ्ठी द्या. पहिल्या फेरीत अक्षरानुसार आणि दुसऱ्या फेरीत अंकानुसार बसवले, की कोणतीही जोडी दोनदा एकत्र येत नाही. नवखे आयोजक बहुधा येथेच चुकतात: एकत्र आलेल्यांना अ१, ब१, क१ अशा चिठ्ठ्या देतात आणि ती मंडळी दुसऱ्या फेरीत एकाच टेबलावर येतात. त्यांना अ१, ब२, क३ अशा तिरप्या क्रमाने चिठ्ठ्या द्या. टेबलावर "सध्या कोणत्या कामात अडला आहात?" हा प्रश्न ठेवा, केवळ ओळख करून द्यायला सांगितल्यास बोलणे हुद्द्यापाशीच थांबते.