प्रीमियम इकॉनॉमी घ्यायची तर फक्त जाताना

प्रश्न: मी ६६ वर्षांचा, सौ. ६२ची. जूनमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला जाऊन सप्टेंबरमध्ये परत यायचं आहे. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान जाताना रात्री दोनला सुटतं, येताना तिथून दुपारी बाराला. इकॉनॉमीचं जाण्यायेण्याचं तिकीट माणशी १,१०,००० आहे, प्रीमियम इकॉनॉमीचं १,९५,०००. दोघांचे १,७०,००० जास्त होतात. सौ.चे गुडघे दुखतात. घर पेन्शन आणि एफडीच्या व्याजावर चालतं. एवढे पैसे घालावेत का?

उत्तर: दोन्ही वेळा नको. जाताना घ्या, येताना इकॉनॉमीने या. मात्र त्याआधी एक पाहा: तीन-साडेतीन महिन्यांच्या मुक्कामासाठी दोघांचा प्रवास वैद्यकीय विमा काढून झाला आहे का? साठीनंतर त्याचा हप्ता चांगलाच चढतो आणि जुन्या आजारांसाठी मिळणारं संरक्षण बऱ्याचदा वेगळं, मर्यादित असतं. अमेरिकेत इस्पितळात एक रात्र काढावी लागली तरी तिकिटातला हा सगळा फरक त्यापुढे किरकोळ वाटेल. म्हणून आधी चांगला विमा, मग आसन. आसनाचे पैसे यंदाच्या व्याजातून बाजूला पडत असतील तर ठीक. त्यासाठी एफडी मोडावी लागणार असेल किंवा क्रेडिट कार्डावर हप्ते करावे लागणार असतील, तर दोन्ही वेळा इकॉनॉमीच बरी.

आता फक्त जाताना का, ते सांगतो. जाताना साधारण १६ तास लागतात, येताना वारा पाठीशी असल्याने साधारण १४. माणशी ८५,०००चा फरक ३० तासांवर वाटला तर तासाला सुमारे २,८०० रुपये पडतात. हा हिशेब बरोबर असला तरी कामाचा नाही, कारण सगळे तास सारखे नसतात. रुंद आसनाचा खरा उपयोग झोपेच्या तासांत होतो. जेवताना, सिनेमा बघताना इकॉनॉमीतही निभावून जातं. म्हणून विमान सुटताना तुमच्या शरीराच्या घड्याळात किती वाजले असतील, ते बघा.

जाताना रात्री दोनला सुटाल तेव्हा शरीराचीही रात्रच असेल. सुटल्यावरचं खाणंपिणं आटोपलं की सहा-सात तास झोप सहज मिळू शकते, आणि न्यूयॉर्कला पोहोचाल तेव्हा तिथे सकाळचे साडेआठ वाजले असतील. पुढे पूर्ण दिवस काढायचा असतो, त्यामुळे विमानातली झोप फुकट जात नाही. येताना गोष्ट उलटी असते. तीन महिने तिथे राहिल्यावर शरीर न्यूयॉर्कच्या वेळेला लागलेलं असतं. दुपारी बाराला सुटलेलं विमान मुंबईत उतरतं तेव्हा न्यूयॉर्कच्या घड्याळात रात्रीचे दोन झालेले असतात. म्हणजे बहुतेक प्रवास शरीराच्या दृष्टीने दिवसाचा, झोप लागली तर शेवटचे तीन तास. समजा, माणशी ८५,००० मधले ४५,००० जाण्याचे आणि ४०,००० येण्याचे आहेत. जाताना झोपेच्या एका तासाला सुमारे ६,४०० पडतात, येताना १३,०००च्या वर. दुसरा सौदा मला पटत नाही.

प्रीमियममध्ये नेमकं काय मिळतं, तेही पाहू. इकॉनॉमीत एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचं अंतर बहुधा ३१ इंच असतं, प्रीमियममध्ये ३८च्या आसपास. बोइंग ७७७मध्ये इकॉनॉमीची रांग बहुतेक कंपन्यांत ३-४-३ अशी दहा जणांची असते, प्रीमियमची २-४-२ अशी आठ जणांची. खिडकीकडची दोनची जोडी तुम्हा दोघांची, मध्ये तिसरा कोणी नाही. पाठ जास्त मागे जाते, बऱ्याच विमानांत पोटरीला आधारही असतो. पण आसन सपाट होत नाही. बिझनेस क्लासची झोप मनात धरून पैसे मोजले, तर निराशा होईल.

वहिनींच्या गुडघ्यांसाठी आसन निवडताना पहिली रांग टाळा. समोर भिंत असल्याने जागा मोठी दिसते, पण पुढच्या आसनाखाली पाय लांब सोडता येत नाहीत आणि ट्रे हाताच्या दांड्यात असल्याने आसन किंचित अरुंद असतं. दुसरी किंवा तिसरी रांग बरी, आणि वहिनींना मार्गिकेकडची जागा द्या. पायात रक्ताची गुठळी होण्याच्या भीतीने महाग वर्ग घेण्याचं कारण नाही. तिथे महत्त्व उठून चालण्याला आहे, आणि खिडकीला अडकून बसणारा माणूस कमी उठतो. आधी कधी गुठळी झाली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर दाबमोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणखी एक पर्याय फार कमी लोक विचारात घेतात: इकॉनॉमीतच दोघांसाठी तीन आसनं. जाण्यापुरतं तिसरं आसन साधारण ५५,०००च्या आसपास पडावं, तर दोघांचा प्रीमियमचा फरक ९०,०००. खिडकीकडची तिन्ही आसनं तुमची, मधले दांडे वर करायचे आणि आळीपाळीने पाय वर घेऊन आडवं व्हायचं. गुडघा दुमडून ठेवल्याने दुखत असेल, तर हा उपाय प्रीमियमइतकाच गुणकारी ठरू शकतो. अडचण तिकीट काढण्यात आहे. वेबसाइटवर हे आसन बहुधा मिळत नाही, फोनवर किंवा एजंटाकडून काढावं लागतं आणि तिकिटावर EXST अशी नोंद होते. विमान बदललं की ते आसन सुटून तिसऱ्याच माणसाला जाऊ शकतं. त्यामुळे चेक-इनच्या वेळी त्या आसनाचाही बोर्डिंग पास हातात घ्या आणि तिन्ही क्रमांक लागून आहेत ना, ते तिथेच बघा.

प्रीमियमच ठरलं, तर एकाच तिकिटात जाण्याचा वर्ग प्रीमियम आणि येण्याचा इकॉनॉमी असं निवडून पाहा. काही वेळा हे मिश्र तिकीट अपेक्षेपेक्षा महाग निघतं. भाड्याची तुलना शेवटच्या, पैसे भरायच्या पानावरच करा, कारण २२ सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमीवर ५ टक्के आणि त्यावरच्या वर्गांवर १८ टक्के जीएसटी आहे. सुरुवातीला करांशिवायचं भाडं दिसत असेल, तर फरक आहे त्यापेक्षा कमी वाटतो.

नावांनीही फसायला होतं. युनायटेडचं Economy Plus म्हणजे इकॉनॉमीचंच आसन, फक्त पाय ठेवायला जास्त जागा. त्यांचा खरा प्रीमियम वर्ग Premium Plus. थांब्याचं विमान घेतलंत, तर दोन्ही टप्प्यांवर तो वर्ग आहे का, हेही तपासा. लहान टप्प्याच्या विमानात तो बऱ्याचदा नसतोच, आणि बुकिंगच्या पानावर हे बारीक अक्षरात असतं.

तिकीट काढल्यावर विमान कंपनीने स्वतःहून तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं, तर गप्प बसू नका. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या २०२३च्या नियमानुसार ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात तिकिटाच्या करांसह किमतीच्या ७५ टक्के परत मिळतात. मुंबई–न्यूयॉर्क त्यात बसतं. मूळ तिकिटाची प्रत, जुना आणि नवा बोर्डिंग पास जपून ठेवा आणि वर्ग का बदलला, ते काउंटरवरून लेखी मागून घ्या.