बँडचा रेडिओ झोपतो कधी, उठतो कधी

फिटनेस बँडची बॅटरी वाचते ती मुख्यतः त्याचा ब्लूटूथ रेडिओ झोपलेला असतो म्हणून. बँड आणि फोन यांची भेटायची वेळ ठरलेली असते, समजा दर ४०० मिलिसेकंदांनी. सांगण्यासारखं काही नसेल तर बँडला सलग ४ भेटी चुकवायची मुभा द्या, म्हणजे तो २ सेकंदांनी एकदाच, क्षणभर उठेल. कॉलची सूचना मनगटावर फार तर तेवढ्या उशिरा येईल, आणि ते चालतं. पावलं बँडमध्येच साठवा. सिंक करताना मात्र भेटी ३० मिलिसेकंदांवर आणा आणि काम संपताच परत ४०० वर न्या. हे परत नेणंच बहुतेक जण विसरतात, मग बॅटरी भराभर उतरते. जोडणी तुटल्याचं मानायची मुदत त्या २ सेकंदांच्या दुपटीहून, म्हणजे ४ सेकंदांहून जास्तच हवी. मी ६ ठेवतो. कमी ठेवलीत तर जोडणी सारखी तुटेल.