मुलाखत झाली, आता कन्सल्टंटला काय लिहायचं?

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला चार वर्षं काढली. पुण्याच्या एका कन्सल्टंटमार्फत नाशिकला सातपूरमध्ये मुलाखत देऊन आलो. त्यांना मेसेज टाकायला बसलो, पण ‘छान झाली सर, काही कळलं तर सांगा’ याच्यापुढे सुचेना. – एक वाचक, जळगाव

आधी तुमच्या कन्सल्टंटचं गणित बघा. त्याचे पैसे कंपनी देते. बऱ्याच ठिकाणी दर असतो वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार, आणि तोही तुम्ही रुजू झाल्यावर. तुम्ही तीन महिन्यांच्या आत सोडून गेलात तर बदली माणूस फुकट द्यायचा, अशीही अट पुष्कळदा असते. त्यामुळे तो एचआरला फोन करून ‘कसा वाटला?’ विचारतो, तेव्हा तिकडून उलटा प्रश्न येतो: ‘तो काय म्हणतोय? येणार का? टिकेल का?’ हातात तुमचं नुसतं ‘छान झाली’ असेल तर तो बिचारा काय सांगणार? तुमचा मेसेज त्याला फोनवर वाचून दाखवता आला पाहिजे. साधारण असा:

“नमस्कार सर. आज सातपूरला क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखत झाली. प्लँट हेड आणि क्यूए मॅनेजर होते, पाऊण तास चालली. जास्त वेळ आयएस ४९८५ च्या चाचण्या आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारींवर गेला. हायड्रोस्टॅटिक आणि रिव्हर्शन टेस्ट माझ्या रोजच्या कामातल्या, ती उत्तरं नीट गेली. एसपीसी चार्टवर अडखळलो. आमच्याकडे वापरत नाहीत, हे त्यांना सांगितलं. लॅब तिन्ही शिफ्टला चालते, हे तिथे गेल्यावर कळलं, मला चालेल. पगार विचारला तेव्हा आपलं ठरलेलं ४.८० लाखच सांगितलं. नोटीस दोन महिन्यांची आहे. काम आवडलं, यायची तयारी आहे. चाचण्यांच्या उत्तरांबद्दल त्यांचं काय म्हणणं पडलं आणि पुढची फेरी आहे का, हे विचाराल का? गुरुवारी संध्याकाळी फोन केला तर चालेल?”

एसपीसीचं वाक्य गाळावंसं वाटेल. गाळू नका. क्यूए मॅनेजरने ते आधीच कागदावर टिपलंय, आणि एचआरकडून तेच पहिलं कानावर येणार आहे. कन्सल्टंटला ते तुमच्याकडून आधी कळलं असेल तर तो लगेच म्हणू शकतो, ‘हो, त्याने स्वतःच सांगितलं, त्यांच्या प्लँटवर ती पद्धतच नाही.’ नाहीतर तो गप्प बसतो, आणि तुमची बाजू तिथेच पडते.

पगाराच्या आकड्याबाबत तर अजिबात उशीर नको. फाइलमध्ये ४.८० लाख लिहिलेत आणि मुलाखतीच्या भरात तुम्ही ५.२० बोलून बसलात, तर त्याच रात्री कळवा. एचआरच्या टेबलावर दोन आकडे गेले की दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं धरलं जातं, आणि तो कोण हे शोधत बसायला कुणाला वेळ नसतो.

शेवटी वार लिहिलाय तो मुद्दाम. ‘काही कळलं तर सांगा’ म्हटलं की समोरच्यावर काहीच बंधन राहत नाही. मेसेज त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत जावा, कारण एचआरला फोन बहुधा तेव्हाच होतो. आणि व्हॉइस नोट नको, ती पुढे पाठवता येत नाही म्हणून नव्हे, तर त्यातलं चाळून काढायला वेळ लागतो म्हणून.

अकाउंट्सची जागा म्हणून गेले. तिथे कळलं की महिन्यातले निम्मे दिवस शहादा-तळोदा भागात वसुलीला फिरायचं. कन्सल्टंट मॅडम ओळखीच्या आहेत. नाही आवडलं म्हणून लिहिलं तर पुढच्या वेळी बोलावतील का? – एक वाचक, धुळे

आजच लिहिलंत तर बोलावतील. ऑफर निघाल्यावर नाही म्हणालात तर मात्र कठीण आहे, कारण तेव्हा मॅडमचं कंपनीतलं नाक कापलं जातं.

नावड सांगू नका, फरक सांगा. “मॅडम, आपल्याकडच्या वर्णनात जीएसटी, बँक रिकन्सिलिएशन आणि टॅली होतं. मुलाखतीत निम्मे दिवस फिरती आणि थकबाकी वसुली सांगितली. फिरतीचं काम मला जमणार नाही. पूर्ण वेळ ऑफिसची जागा असेल तर मला रस आहे. त्यांचं नक्की काय आहे, विचारून सांगाल?” एवढं पुरे. कधी कधी वर्णन जुनंच पुढे आलेलं असतं, मॅडमनाही ठाऊक नसतं. तुमच्या मेसेजमुळे त्या पुढच्या मुलीला तरी नीट सांगतील. मुलाखत घेणारे साहेब कसे बोलले, चहा विचारला की नाही, हे लिहायचं नाही. मेसेज जसाच्या तसा पुढे जातो, हे धरूनच चालायचं. सांगायलाच हवं असं काही घडलं असेल तर फोनवर सांगा.

दोन आठवडे होत आले. विचारलं की कन्सल्टंटचं एकच, ‘फीडबॅक पेंडिंग’. एचआरचं कार्ड माझ्याकडे आहे. सरळ त्यांनाच विचारू? – एक वाचक, भुसावळ

‘पेंडिंग’च्या पोटात बरंच काही असतं. मॅनेजरने अजून शेराच दिला नसेल, दुसरे उमेदवार बाकी असतील, जागाच थांबवली असेल, किंवा नकार आलाय आणि सांगायला जड जातंय. म्हणून ‘काय झालं?’ विचारण्यापेक्षा उत्तर सोपं होईल असं विचारा: “सर, अजून इतरांच्या मुलाखती चालू आहेत, जागा होल्डवर आहे, की माझ्यासाठी विषय संपला? तिसरं असेल तरी सांगा, मी दुसरीकडचा होकार थांबवून ठेवलाय.” शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा, खोटी ऑफर सांगितली की कंपनीकडून ‘मग घेऊ द्या त्याला’ एवढंच येतं. नकार आला तर एकदा कारण विचारा, तांत्रिक होतं की पगाराचं. पगाराचं असेल तर कधी कधी दार अजून उघडं असतं.

एचआरला निकाल विचारू नका, पगार तर नाहीच. कन्सल्टंटला वगळून तुम्ही परस्पर बोललात की आधी त्यांच्या फीचा वाद उभा राहतो, आणि त्यात तुमचंच नाव खराब होतं. दोन मेसेज आणि एक फोन, तिन्हींना उत्तर नाही, अशी वेळ आली तर एचआरला एक ओळ टाका. त्यात कन्सल्टंटचं नाव आणि मुलाखतीची तारीख लिहा.

कन्सल्टंट म्हणतात, ‘क्लायंट पॉझिटिव्ह आहे, राजीनामा देऊन टाका.’ वर ऑफर लेटर काढायला पाच हजार मागतात. – एक वाचक, नंदुरबार

दोन्ही नाही. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे ऑफर नव्हे. पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र कंपनीच्या स्वतःच्या ईमेलवरून येईपर्यंत राजीनाम्याचं नाव काढू नका. आणि जिथे कन्सल्टंटला कंपनी पैसे देते, तिथे उमेदवाराकडून ऑफरसाठी पैसे मागायचं कारणच नाही. पैसे न देता त्यांना एवढंच लिहा: “सर, क्लायंटचा प्रतिसाद कळवल्याबद्दल आभार. कंपनीकडून ईमेलवर ऑफर आली की त्याच दिवशी राजीनामा देतो.” यावर त्यांनी पुन्हा पाच हजारांचाच विषय काढला, तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून मुळात ही जागा आहे का, ते विचारा.