कॉफीने पोट बिघडतं, ते भाजण्यामुळे की करण्याच्या पद्धतीमुळे?

प्रश्न: कॉफी प्यायलो की छातीत जळजळ होते, चहाने होत नाही. डार्क रोस्ट किंवा कोल्ड ब्रू घेतली तर फरक पडेल का?

डार्क रोस्टने थोडा पडू शकतो. कोल्ड ब्रूवर, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेल्या कॉफीवर, मात्र फार भिस्त ठेवू नका.

कॉफी आंबट असते म्हणून जळजळते, असं आपल्याला वाटतं. पण कॉफीचा पीएच साधारण 5 असतो आणि जठरातलं आम्ल त्याहून कितीतरी जहाल. खरी गोष्ट अशी, की कॉफी जठराला जास्त आम्ल सोडायला लावते. हे काम कॅफीन एकटं करत नाही, क्लोरोजेनिक आम्लासारखे इतर घटकही करतात. म्हणून कॅफीन काढलेल्या कॉफीनेही काहींना त्रास होतोच.

डार्क रोस्टसाठी बी जास्त भाजली की हे क्लोरोजेनिक आम्ल बरंच कमी होतं. शिवाय एन-मिथाइलपिरिडिनियम नावाचा पदार्थ वाढतो, आणि तो आम्ल सुटणं कमी करतो असं प्रयोगांत दिसलं आहे. ते प्रयोग लहान होते, त्यामुळे प्रत्येकाला गुण येईलच असं नाही.

माझा भाचा पुण्याहून जळगावला परतला तो लाइट रोस्टची सवय घेऊन. पहाटे उपाशीपोटी 18 ग्रॅम पावडरीची काळी कॉफी, आणि दहाच्या सुमाराला आंबट ढेकर. मी त्याला एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावली. पहिला आठवडा कॉफी तीच, फक्त दोन पोळ्या खाल्ल्यावर. निम्मा त्रास तिथेच गेला. दुसऱ्या आठवड्यात डार्क रोस्ट, तीही 12 ग्रॅम. ढेकर जवळजवळ थांबले. (इथे माझी चूक झाली. रोस्ट आणि माप एकदम बदललं, त्यामुळे गुण नेमका कशाचा ते कळलं नाही.) वहीत रोजची नोंद ठेवली होती, त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरली: उरलेले वाईट दिवस आदल्या रात्री तर्रीवाली शेवभाजी खाल्ल्याचे होते!

कोल्ड ब्रूचा पीएच गरम कॉफीच्या जवळपासच असतो. एकूण आम्ल थोडं कमी उतरतं, म्हणून चव मऊ लागते. पण बारा-पंधरा तास भिजवून केलेला अर्क पाणी न घालता प्यायलात, तर कॅफीन उलट जास्तच पोटात जातं.

तुम्ही दुधाची कॉफी घेत असाल आणि जळजळीपेक्षा पोट गुडगुडणं, वारा धरणं जास्त असेल, तर चार दिवस दूध बंद करून बघा. चहात चमचाभर दूध असतं आणि कॉफी सगळी दुधातच केलेली असते, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत चालतं. तेव्हा दोष दुधातल्या लॅक्टोजचाही असू शकतो.

गिळताना अडकत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा वजन उतरत असेल, तर कॉफीचे प्रयोग बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.