स्कोअर चांगला, मग कर्ज का अडलं?

प्रिय मित्रा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

क्रेडिट स्कोअर चांगला असूनही कर्जाचा अर्ज का फेटाळला, असं तू विचारलंस. कर्जाच्या फायली तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे तू पाठवलेलं बँकेचं स्टेटमेंट जुन्या सवयीनं पेन हातात घेऊनच वाचलं.

तू बेटिंग ॲपवर पैसे लावतोस हे क्रेडिट रिपोर्टात कुठेच येत नाही. तिथे कर्जं, कार्डाची मर्यादा, हप्ते वेळेवर गेले का आणि कुणी चौकशी केली, एवढंच असतं. पण कर्ज देणारा बहुधा मागचे काही महिने उलगडून बघतो, आणि स्टेटमेंटवर ॲपचं नाव अनेकदा सरळ छापलेलं असतं.

तुझा पगार 100 धरू. पगार जमा झाला त्याच रात्री 7 वेळा पैसे गेले, मिळून 12. पुढच्या आठवड्यात आणखी 18. मधे 9 परत आले, ती तुला कमाई वाटते. तपासणारा ते 9 उत्पन्नात धरत नाही, कारण पुढच्या महिन्यात ते येतीलच असं नाही. गेलेले 30 मात्र त्याच्या डोळ्यांत भरतात. 20 तारखेला शिल्लक 2. 22 तारखेला झटपट कर्जाच्या ॲपवरून 10 जमा, आणि त्यातले 6 त्याच संध्याकाळी पुन्हा बेटिंगला. मी पेन तिथेच खाली ठेवलं. रक्कम लहान आहे रे, पण उसने आणलेले पैसे पैजेवर गेले, हे दिसल्यावर तुझ्या हप्त्याचा भरवसा कोण धरेल?

स्कोअरही फार दिवस असा राहणार नाही. तो घसरतो तो जुगाराच्या नावानं नाही, त्यापायी काढलेल्या उधारीमुळे. नव्या कर्जासाठी केलेल्या अर्जांच्या चौकशा रिपोर्टात साठत जातात आणि एखादा हप्ता चुकला की ती नोंद काही वर्षं राहते. कार्डानं पैज लावलीस आणि बँकेनं ती रोख उचल धरली, तर वेगळं शुल्क, आणि व्याज त्याच दिवसापासून. शिवाय कार्ड मर्यादेपर्यंत भरलेलं दिसतं, त्याचाही फटका बसतो.

पैसे वॉलेटमधून किंवा दुसऱ्या खात्यातून फिरवायची युक्ती करू नकोस. स्वतःच्याच खात्यात वारंवार रक्कम जाताना दिसली की त्या खात्याचंही स्टेटमेंट मागतात. लपवल्याचं उघड झालं, तर पैजेपेक्षा ते जास्त महागात पडतं.

आता चार ठिकाणी अर्ज टाकत सुटू नकोस. आधी झटपट कर्ज फेड. बँकेत बेटिंगचे व्यवहार अडवण्याची सोय असेल तर चालू कर. सहा महिन्यांचं स्वच्छ स्टेटमेंट हातात आलं की मगच अर्ज कर. आणि मनात आणूनही हात थांबत नसेल, तर ते कर्जाच्या आधी मला सांग. त्यावर मदत मिळते.

22 तारखेच्या त्या कर्जाचा हप्ता कधी आहे, तेवढं कळव.

तुझा,
काका