पोस्टपेड सोडण्याआधी आईचा नंबर मोकळा करा

प्रश्न: माझा ६९९ रुपयांचा फॅमिली पोस्टपेड आहे, आईचा नंबर त्यालाच जोडलेला. कर धरून महिन्याला ८२५ रुपये जातात. प्रीपेडचा ८४ दिवसांचा पॅक ८५९ ला मिळतो, म्हणजे वर्षाला चारच रिचार्ज. साडेसहा हजार वाचतील ना?

उत्तर: वाचतील, पण एवढे नाहीत. ८४ दिवसांचे चार रिचार्ज ३३६ दिवसांत संपतात, उरलेल्या २९ दिवसांचे पैसे तुमच्या हिशेबात आलेलेच नाहीत. रोजचा दर काढला तर वर्षाला साधारण ३,७३० रुपये होतात. शिवाय आईला वेगळं रिचार्ज लागेल. त्या फक्त बोलण्यापुरता फोन वापरत असतील तर डेटा नसलेला ८४ दिवसांचा पॅक बघा. तो ४६९ चा धरला तर वर्षाला २,०४० च्या आसपास. आजचा खर्च ९,९००, बदलल्यावर ५,७७०. बचत चार हजारांच्या घरात. तरीही मी बदला म्हणेन.

मात्र आधी आईचा नंबर फॅमिली प्लॅनमधून सोडवून घ्या. तो स्वतंत्र झाल्याशिवाय तुमचा नंबर प्रीपेड करण्याचा अर्ज करू नका. जोडलेला नंबर मध्येच लटकला तर त्यांच्या पेन्शनच्या खात्याचा ओटीपी येणार कुठे?

अर्ज बिलाची तारीख यायच्या दोन-तीन दिवस आधी करा, म्हणजे चालू महिन्याचं भाडं पुरेपूर वापरलं जाईल. आधीचं बिल भरलेलं असू द्या, थकबाकी असेल तर अर्ज अडतो. बदल झाल्यावरही एक शेवटचं बिल येतं, त्यात आधीच्या बिलांत न आलेली रक्कम असते. बँकेतला ऑटो-पे हे बिल भरल्यानंतरच बंद करा. लोक नेमकं उलट करतात: ऑटो-पे आधी तोडतात, शेवटचं बिल जुन्या ईमेलवर पडून राहतं आणि काही महिन्यांनी वसुलीवाल्याचा फोन येतो.

कनेक्शन घेताना अनामत भरली होती का, तेही जुन्या पावत्यांत शोधा. खातं बंद झाल्यावर ती परत मिळायला हवी. प्लॅनसोबत फुकट आलेलं सिनेमा-मालिकांचं ॲप बंद होईल. ते विकत घेणार असाल तर बचतीतून तेवढे वजा करा.

नाही जमलं तर? ओटीपीने केलेल्या पहिल्या बदलानंतर ३० दिवसांनी परत फिरता येतं, त्यापुढच्या प्रत्येक बदलाला ९० दिवस थांबावं लागतं. तेव्हा परत पोस्टपेडला जाताना प्रीपेडचा पॅक संपत आलेला असू द्या. उरलेले दिवस सहसा बुडतात.

आणि आईच्या रिचार्जची तारीख तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, त्यांच्या नव्हे.